मदत हवी आहे: सिरोसिसचा केअर प्लॅन, वजन कोणतं धरू?

वॉर्डातली_मी: बी.एस्सी. नर्सिंग, दुसरं वर्ष. मला मिळालेले काका 48 वर्षांचे, दारूमुळे सिरोसिस. परवा टॅपिंगने 6 लिटर पाणी काढलं, सोबत अल्ब्युमिन लावलं. वजन 62 वरून 56 झालं. प्लेटलेट 58 हजार, दोन महिन्यांपूर्वी रक्ताची उलटी होऊन बँडिंग झालंय. मी आहारात 'प्रोटीन कमी' लिहिलं, मॅडमनी लाल रेघ मारली आणि कारण शोधून आण म्हणाल्या. हिशोब कोणत्या वजनावर करू? आणि पहिला प्रॉब्लेम पाणी लिहू की रक्तस्राव?

प्रणव_जीएनएम: अमोनिया वाढला की पेशंट बरळतो, म्हणून प्रोटीन बंदच. आम्हाला असंच शिकवलंय.

सिस्टर_रात्रपाळी: प्रणव, बरळण्याची भीती खरी आहे, पण त्यासाठी प्रोटीन तोडत नाहीत. या यकृतात रात्रभर पुरेल इतकी साखर साठत नाही, मग शरीर स्नायू मोडून खातं. आणि यकृत थकलं की अमोनिया उचलायला स्नायूच उरतात.

पोरी, उद्या काकांचे दंड बघ. पोट मोठं असल्यामुळे माणूस भरलेला वाटतो, दंडाला मात्र नुसती कातडी लोंबते. म्हणून वजन टॅपिंगनंतरचं धर. किलोला 1.2 ग्रॅमने 56 किलोला साधारण 67 ग्रॅम प्रोटीन होतं. पायावर सूज असेल तर खरं वजन अजून कमी. डाळ, दही, पनीर, अंडं असं दिवसभर वाटून दे, आणि झोपताना दूध-पोहे किंवा लाडू हवाच. लॅक्टुलोजने दिवसाला दोन-तीन मऊ शौच व्हायला हवेत. पेशंट 'जुलाब होतात' म्हणून ते गुपचूप बंद करतात, रोज विचार.

मीनल_ठाणे: माझ्या सासऱ्यांनाही पोटात पाणी आहे. आम्ही साध्या मिठाऐवजी सैंधव वापरतो, चालेल ना?

सिस्टर_रात्रपाळी: सैंधवातही सोडियम असतंच, ताई. दिवसाचं सगळं मिळून 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. पापड-लोणचं त्यातच धरायचं. 'लो सोडियम' मीठ तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. त्यात पोटॅशियम असतं, आणि पाण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर ते रक्तात वाढतं.

वॉर्डातली_मी: सिस्टर, काका अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मागतात.

सिस्टर_रात्रपाळी: डॉक्टरांना लगेच सांग. त्याने रक्तस्राव आणि किडनी दोन्हीचा धोका, शिवाय स्नायूत सुई टोचली की या प्लेटलेटवर गाठ धरते. शौच मात्र स्वतः बघ. डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं दिसलं तर नाडी-बीपी घेऊन तिथल्या तिथे कळव.

प्रणव_जीएनएम: लोहाच्या गोळीनेही काळं होतं.

सिस्टर_रात्रपाळी: होतं, पण ते चिकट नसतं. शंका आली तरी कळवायचंच. क्रमाचं म्हणशील तर मी रक्तस्राव आधी लिहीन, कारण तो तासाभरात जीव घेतो. पण सध्या काकांना धाप लागत असेल तर तुझ्या मॅडम पाणी आधी म्हणतील, आणि तेही चूक नाही.

वॉर्डातली_मी: बसल्यावर धाप नाही, आडवं झाल्यावर लागते. मग?