पतसंस्थेतल्या ठेवीची मुदत संपून चार महिने झाले, पैसे मिळत नाहीत. अर्ज कसा लिहावा?

सायली_बार्शी
नमस्कार. आईने गावातल्या पतसंस्थेत दीड लाख रुपये १३ महिन्यांसाठी ९ टक्क्यांनी ठेवले होते. मुदतीअंती १,६४,६२५ रुपये मिळतील असं पावतीवर लिहिलंय. मुदत संपून चार महिने झाले. मॅनेजर दर वेळी म्हणतात, "वसुली येऊ द्या, पुढच्या महिन्यात बघू." काल म्हणाले, व्याज तेवढं घ्या आणि मुद्दल नव्या पावतीवर टाका. नाहीतर पावतीच्या मागे रेव्हेन्यू तिकिटावर सही करून ती जमा करा, म्हणजे तुमचा नंबर लागेल. आईला भावाच्या घराच्या स्लॅबसाठी पैसे हवेत. काय करू?

माणदेशी
ताई, घाबरू नका. पाच लाखांपर्यंत ठेवीला विमा असतो. संस्था बुडाली तरी पैसे मिळतात.

जुना_लेखापरीक्षक
माणदेशी, तो विमा बँकांतल्या ठेवींना आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाही. त्या भरवशावर आईंना थांबवू नका.

सायलीताई, मॅनेजरांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी करू नका. तिकिटावर सही केलेली पावती म्हणजे पैसे मिळाल्याची कबुली. ती त्यांच्या हातात गेली की आईंकडे काही उरत नाही. सही पैसे मोजून घेताना, किंवा खात्यात आलेले पाहून करायची. नूतनीकरण केलं तर मुदत पुढे सरकते आणि आज थकलेली रक्कम कागदावर थकलेली राहत नाही. मी तपासणीला जायचो तेव्हा अडचणीतल्या संस्थांत असंच दिसायचं: थकलेल्या ठेवी "नूतनीकरण" या रकान्यात.

अर्ज आईंच्या सहीने, अध्यक्ष आणि व्यवस्थापक दोघांच्या नावे द्या. मजकूर एवढाच पुरे:

"माझी मुदत ठेव पावती क्र. … दि. … रोजी मुदतपूर्ण झाली आहे. देय रक्कम रु. १,६४,६२५ व त्यानंतरचे व्याज मिळावे. रक्कम कोणत्या तारखेला देणार आणि विलंबाचे कारण काय, हे १५ दिवसांत लेखी कळवावे. ठेवीच्या नूतनीकरणास माझी संमती नाही."

सोबत पावतीच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडा, मूळ पावती घरी ठेवा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच द्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. मुदतीनंतर व्याज कोणत्या दराने मिळेल ते संस्थेच्या नियमांवर ठरतं, म्हणून अर्जात दर लिहू नका, मागणी लिहा.

गोदाकाठ
आमच्या भिशीत पण असंच झालं. चालवणाऱ्या बाईंनी दोन हप्ते बुडवले. पोलिसांत जावं का?

जुना_लेखापरीक्षक
तुमचं प्रकरण वेगळं आहे, वेगळा धागा काढा. इथे नोंदणीकृत संस्था आहे, वर विचारायला निबंधक आहे.

वैशाली_म
सायली, माझ्या सासऱ्यांना संस्थेने पुढच्या तारखांचे तीन चेक दिले होते. पहिला वटला, दुसरा परत आला. वकिलांनी सांगितलं, बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार. आम्ही नोटिशीतच महिना घालवणार होतो, थोडक्यात वाचलो. नोटीस गेल्यावर त्या चेकचे पैसे आले, तिसऱ्याचे अजून नाहीत. हप्ते मान्य केलेत तर चेक घ्या, तोंडी तारखा नकोत.

माणदेशी
विम्याचं चुकलं, माफ करा. पण लेखी उत्तर आलंच नाही तर? ग्राहक आयोग सहकारी संस्थेची तक्रार घेत नाही ना, सहकार न्यायालयातच जावं लागतं?

जुना_लेखापरीक्षक
घेतो. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितलंय की सहकार कायद्यात वादाची सोय असली तरी ग्राहक मंचाचा मार्ग बंद होत नाही. मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. त्याआधी पावतीवरचा नोंदणी क्रमांक पाहा. राज्याच्या कायद्याखालची संस्था असेल तर पोच जोडून तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार द्या, प्रत जिल्हा उपनिबंधकांना. "मल्टिस्टेट" असेल तर ते हात झटकतील, कारण ती दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे. लोक इथेच महिने घालवतात.

सायली_बार्शी
नोंदणी राज्याचीच आहे. अर्ज आज दिला. आधी शिक्का देईनात, मग आई बाकावर बसून राहिली तेव्हा दिला. लेखापरीक्षण अहवाल मागितला तर म्हणाले, आई नाममात्र सभासद आहे, तिला दाखवता येत नाही. हे खरं आहे का?

जुना_लेखापरीक्षक
नाममात्र सभासदाचे हक्क कमी असतात, पण ठेवीदाराला अहवाल दाखवायचाच नाही, हे मला पटत नाही. त्यांना नकार लेखी द्यायला सांगा. आणि काउंटरवर लक्ष ठेवा: रोजच्या पिग्मीचे पैसे परत मिळताहेत का? तेही थांबले असतील तर १५ दिवस पुरे होण्याची वाट पाहू नका, निबंधकांकडे लगेच जा.

सायली_बार्शी
पिग्मीवाल्या काकांना विचारते आणि सोमवारी सांगते.