एआय व्हिडिओ टूलचे वर्षाचे पैसे भरण्याआधी काय तपासावं? (साड्यांच्या रील्ससाठी)

शर्वरी_दादर
नमस्कार मंडळी. हिंदमाताजवळ आमचं साड्यांचं दुकान आहे, मी आणि सासरे मिळून बघतो. आठवड्याला चार रील्स टाकायच्या असतात. आजवर पुतण्या शूट करून द्यायचा, आता तो नोकरीला लागला. साडीचा फोटो टाकला की पदर वाऱ्यावर उडतो, कॅमेरा जवळ जातो, अशी एआय टूल्स आली आहेत. वर्षाचा प्लॅन महिन्याच्या मानाने बराच स्वस्त पडतो, पण पैसे सगळे आधी भरायचे आणि परत मिळत नाहीत. त्यांच्या वेबसाइटवरचे नमुने फार सुरेख आहेत. आमच्या पैठणीवर तसंच होईल का, हे कसं तपासू? कुठलं टूल घेऊ हा माझा प्रश्न नाही. तपासायची पद्धत सांगा.

निखिल_अंधेरी
ताई, सोपं आहे. बहुतेक ठिकाणी नवीन खात्याला फुकट क्रेडिट्स मिळतात. त्यात दोन-तीन क्लिप्स करून बघा, आवडलं तर घ्या. प्रॉम्प्ट सविस्तर लिहा. आणि एखादी क्लिप छान आली की तिचा सीड नंबर, म्हणजे टूल ज्या आकड्यापासून क्लिप बनवायला सुरुवात करतं तो, लिहून ठेवा, पुढच्या सगळ्या साड्यांना तोच वापरा. रिझल्ट तसाच येईल.

परळकर_६२
आमच्या मंडळाचे जुने गणपतीचे फोटो आहेत, १९७४ सालापासूनचे, कृष्णधवल. ते जोडून गाणं लावून व्हिडिओ करायचा आहे. त्याला हे टूल चालेल का? तुमच्याबरोबर माझंही काम होऊन जाईल.

मीनल_पोस्ट
मी अंधेरीत पोस्ट प्रॉडक्शनमध्ये आहे, जाहिरातींच्या क्लिप्सवर काम करते. परळकर काका, फोटो जोडून गाणं लावायला एआय लागतच नाही, फोनवरचं साधं एडिटिंग ॲप पुरेल. माणसं हलताना दाखवायची असतील तर मात्र जपून. जुन्या फोटोत चेहरा नखाएवढा असतो. टूल तो मोठा करताना जे दिसत नाही ते स्वतःच्या मनाने भरतं, आणि माणूस हसला की तो आपला राहत नाही. घरच्यांना लगेच कळतं.

शर्वरी, निखिलचं निम्मं बरोबर आहे. सीड तोच, फोटो तोच, प्रॉम्प्ट आणि सेटिंग तेच, असं असेल तर पुष्कळ टूल्समध्ये क्लिप बरीचशी तशीच येते. पण साडी बदलली की त्या नंबरचा उपयोग संपला. फुकट क्रेडिट्सचंही तसंच. फुकटात अनेकदा जुनं मॉडेल किंवा कमी रिझोल्यूशन मिळतं, वर वॉटरमार्क. म्हणजे जे विकत घेणार ते तपासलंच जात नाही. फुकटात फक्त टूल हाताला बसतं का ते बघ. खरी चाचणी एका महिन्याच्या सगळ्यात लहान प्लॅनवर कर आणि ऑटो-रिन्यू त्याच दिवशी बंद कर.

चाचणी लहानच ठेव. एकच पैठणी, तीन शॉट, प्रत्येकाचे चार प्रयत्न, सीड मोकळा, म्हणजे दर वेळी वेगळा. पहिला शॉट: कॅमेरा स्थिर, पदर हलकासा हलतोय. दुसरा: कॅमेरा पदराच्या जवळ जातोय. तिसरा: नेसलेली बाई वळतेय आणि मागची बाजू दिसतेय. हे तिन्ही तुला रील्समध्ये रोज लागणार, म्हणून हेच. वेबसाइटवरचे प्रॉम्प्ट वापरू नकोस, ते त्यांच्या सोयीचे असतात.

सुरू करण्याआधी कागदावर लिही की क्लिप पास कशाला म्हणायचं. आधी क्लिप बघितली की ती आवडते, आणि मग आपणच तिच्या चुका पोटात घालतो. पैठणीला मी चार गोष्टी धरेन. पदरावरचे मोर पहिल्या फ्रेममध्ये जितके तितकेच शेवटच्या फ्रेममध्ये आहेत का. नारळी काठाचे त्रिकोण सुटेसुटे राहिले का, की एकमेकांत मिसळून नुसती सोनेरी पट्टी झाली. काठाची रुंदी तीच आहे का. आणि धूपछाव असेल तर घडी हलल्यावर दोन्ही रंग दिसतात का, की कापड एकरंगी झालं.

हे डोळ्यांनी सलग बघून कळत नाही. व्हीएलसीमध्ये क्लिप थांबवून E दाबत राहिलं की एकेक फ्रेम पुढे जाते. कॉम्प्युटरवर ffmpeg असेल तर शेवटची फ्रेम अशी काढ आणि मूळ फोटोशेजारी ठेव:

```
ffmpeg -sseof -1 -i clip.mp4 -update 1 shevat.png
```

आता हे का बिघडतं ते थोडं सांगते, म्हणजे फोटो कसा काढायचा ते कळेल. उभी रील १०८० पिक्सेल रुंद असते. त्यात बाई पूर्ण उभी असेल तर पदराच्या वाट्याला जेमतेम दोनशे येतात. आडव्या ओळीत पाच मोर धरले तर एका मोराला चाळीस पिक्सेल, चोचीला तीन-चार. इतक्यात टूलला मोर दिसतच नाही, रंगीत ठिपका दिसतो, आणि पुढच्या फ्रेम्समध्ये ते त्या ठिपक्याचं काहीही करतं. तोच पदर फ्रेमभर घेतलास तर एका मोराला दोनशे पिक्सेल मिळतात. म्हणून चाचणीचे पहिले दोन फोटो जवळून काढ, दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली नको, दारातल्या उजेडात.

निखिल_अंधेरी
फुकटाचा मुद्दा पटला. पण प्रॉम्प्टमध्ये ‘नक्षी अजिबात बदलू नये’ असं लिहिलं तर फरक पडतो ना? मी शूजच्या क्लिप्सना लिहितो.

मीनल_पोस्ट
शूजवर आकार मोठे आणि थोडे असतात, तिथे निभावतं. जरीवर माझ्या पाहण्यात तरी फरक नाही. हालचाल कमी मागितली की मात्र पडतो. ‘पदर झुळकेने किंचित हलतो, कॅमेरा स्थिर’ एवढंच लिहा.

शर्वरी_दादर
मीनलताई, सांगितलंत तसं केलं. एका महिन्याचा प्लॅन घेतला, १००० क्रेडिट्स. पाच सेकंदांची क्लिप ५० क्रेडिट्सना. वेबसाइटवर ‘२० व्हिडिओ’ असं लिहिलंय ते त्यावरूनच. जांभळी पैठणी, हिरवे काठ.

स्थिर कॅमेऱ्याच्या चारांपैकी तीन पास, पण पूर्ण नाहीत. साधारण तीन सेकंदांपर्यंत मोर जागेवर आहेत, पुढे वरच्या घडीत एक मोर विरघळून शेजारच्याला चिकटतो. E दाबत गेले तेव्हाच दिसलं, नुसतं बघताना मला आणि सासऱ्यांना दोघांनाही क्लिप उत्तम वाटली होती. जवळ जाणाऱ्या कॅमेऱ्याची एकच पास, तीही तीनच सेकंद. बाकीच्या तिन्हींत जवळ गेल्यावर नवीनच वेलबुट्टी उगवली. वळणाऱ्या बाईची एकही नाही. मागे जे कापड दाखवलं ते सुंदर आहे, पण ती आमची साडी नाही. एकात तर पदर उजव्या खांद्यावर आला.

मग हे टूल घ्यावं की नाही?

मीनल_पोस्ट
हिशोब मांडू. सोयीसाठी एक क्रेडिट एक रुपया धरते. बारा प्रयत्नांना ६०० रुपये, हाती आले बारा सेकंद. सेकंदाला ५० रुपये. पण ही सरासरी फसवी आहे, कारण तिसरा शॉट तू परत करणारच नाहीस. फक्त स्थिर कॅमेरा धरला तर २०० रुपयांत नऊ सेकंद, म्हणजे सेकंदाला बावीसच्या आसपास.

एका रीलमध्ये असे तीन तुकडे, तीन-तीन सेकंदांचे, आणि मध्ये फोनवर काढलेले खरे शॉट, असं धर. म्हणजे रीलला २०० क्रेडिट्स. १००० मध्ये पाच रील्स होतात, वीस नव्हे. तुला आठवड्याला चार लागतात, म्हणजे महिन्याला सोळा, म्हणजे ३२०० क्रेडिट्स. वर्षाचा प्लॅन घ्यायचा की नाही हे या आकड्यावर ठरव. न वापरलेली क्रेडिट्स पुढच्या महिन्यात जातात की संपतात, आणि धंद्यासाठी वापरायची परवानगी त्या प्लॅनमध्ये आहे का, हे दोन्ही नियमांत वाचून घे. किंमत डॉलरमध्ये असेल तर कार्डावर बँकेचा परकीय चलनाचा आकार लागतो, त्यावर १८ टक्के जीएसटी, तोही धर.

एक मात्र सांगते. चार प्रयत्न म्हणजे फार नाहीत. चारांत तीन आणि चारांत शून्य यातला फरक खरा मानायला हरकत नाही. दुसऱ्या टूलवर तीनऐवजी दोन आले म्हणून ते वाईट, असं मात्र म्हणू नकोस.

गिरगाव_टेक्स्टाइल
आम्ही कापडाचे घाऊक व्यापारी. माझा प्रश्न वेगळा आहे. पास झालेल्या क्लिपमध्येही पदराची घडी टूलने बनवलेली आहे. पैठणी जड असते, इतकी तरंगत नाही. गिऱ्हाईक व्हिडिओ बघून येतं, हातात घेतं आणि म्हणतं व्हिडिओत हलकी वाटत होती. तुमच्या पास-नापासात कापडाचं वजन कुठे आहे?

मीनल_पोस्ट
बरोबर धरलंत, ते मी लिहायला हवं होतं. पाचवी गोष्ट म्हणून घाला: तीच साडी दारात धरून फोनवर पाच सेकंद खरी हलवा आणि दोन्ही क्लिप्स शेजारी लावा. पदर खाली यायला किती वेळ घेतो ते बघा. शिफॉनला टूलची हालचाल बहुतेकदा चालून जाते, जरीच्या पदराला क्वचितच.

निखिल_अंधेरी
पण जाहिरातीत सगळेच पंखा लावून पदर उडवतात. तेही खरं नाहीच. अपलोड करताना एआयचं लेबल लावलं की झालं.

गिरगाव_टेक्स्टाइल
पंख्याने उडते ती माझीच साडी असते. लेबल लावायलाच हवं, पण लेबलमुळे साडी हलकी होत नाही.

शर्वरी_दादर
सासरे गिरगावच्या दादांशी सहमत, नणंद निखिलशी. आमच्याकडे हा वाद चालू आहे. वजनाची चाचणी पैठणीवर केली. खरा पदर एका झटक्यात खाली येतो, टूलमधला अजून तरंगतच असतो. पैठणीला हे टूल वापरायचं नाही हे ठरलं, ती मीच दारात धरून शूट करीन. वर्षाचे पैसेही आता भरत नाही. उरलेली ४०० क्रेडिट्स शिफॉन आणि जॉर्जेटवर घालवते, प्रत्येकी चार प्रयत्न, स्थिर कॅमेरा.

मीनलताई, जॉर्जेटवर बारीक छापील फुलं आहेत, मोर नाहीत. मोजायचं काय? फुलं शेकड्याने आहेत.

मीनल_पोस्ट
सगळी मोजू नकोस. काठाजवळची चार-पाच ठळक फुलं निवड, मूळ फोटोवर पेनने गोल करून ठेव, आणि शेवटच्या फ्रेममध्ये तीच शोध. घडीत लपली तर सोडून दे. समोर असून सापडली नाहीत तर नापास.