शब्दचर्चा : 'प्रमाण विचलन' मधलं 'प्रमाण' नक्की कुठलं?

कटिंगटेबल
अक्कलकोट रोडला आमचं युनिफॉर्म शिवायचं लहान युनिट आहे. गेल्या आठवड्यात एका सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या कंपनीकडून ४०० जोड्यांची चौकशी आली, सगळे पुरुष. मापं घ्यायला माणूस पाठवू का विचारलं, तर त्यांनी एकच ओळ पाठवली : सरासरी उंची १६५ सेंमी, एसडी ६. मुलीनं तिच्या पुस्तकात शोधून सांगितलं, एसडी म्हणजे 'प्रमाण विचलन'. मला प्रमाण म्हटलं की भाजीतलं मिठाचं प्रमाण आठवतं आणि विचलन म्हटलं की विचलित झालेलं मन. या दोन शब्दांची जोडी कशी लागली? आणि त्या ६ वरून मी कापड कसं कापू?

पार्कचौक
सोपं आहे. प्रमाण म्हणजे आदर्श, जसं प्रमाणभाषा. आदर्श उंची १६५ आणि त्यापासून चालणारी सूट ६. म्हणजे तुमची सगळी माणसं १५९ ते १७१ मध्ये बसणार. त्याबाहेरचं एकही माप कापू नका.

ओवीकार
प्रमाणभाषेचं उदाहरण बरोबर, त्यातून काढलेला अर्थ चुकला. 'प्रमाण'चे मराठीत निदान तीन अर्थ चालतात. एक पुरावा, 'वचन प्रमाण' मधला. दुसरा मिठाचा, म्हणजे किती. तिसरा सर्वांनी मोजायला धरलेलं माप. प्रमाणवेळ घ्या. सोलापुरातला सूर्य काही त्या वेळेवर डोक्यावर येत नाही, पण सगळ्यांनी एकच घड्याळ धरायचं म्हणून ती प्रमाण. प्रमाण विचलनातलं प्रमाण हे तिसरं. त्यात आदर्श असं काही नाही. फरक मोजायची सर्वांनी मान्य केलेली पट्टी, एवढंच.

'विचलन'वर मात्र माझा जुना राग आहे. चळणं, ढळणं, मार्ग सोडणं अशा सगळ्या छटा दोषाच्या. त्याला कारणही आहे. मापं मांडली की मध्ये गर्दी आणि दोन्हीकडे उतार असा जो घंटेसारखा वक्र दिसतो, तो आधी ग्रहताऱ्यांच्या मोजणीत वापरात आला, तिथे तो चुकांचा नियम होता. तारा एकाच जागी असतो, मोजणारे थोडेथोडे चुकतात. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केटले यांनी तोच वक्र माणसांना लावला आणि सरासरी माणूस हा जणू निसर्गाचा नेम, बाकीचे नेम चुकलेले, असं मांडलं. पुढे इंग्लंडचे शास्त्रज्ञ गाल्टन यांना उंचीसारख्या गोष्टीला 'चूक' म्हणणं पटेना. १८९४ च्या लेखात गणितज्ञ कार्ल पिअर्सन यांनी 'स्टँडर्ड डेव्हिएशन' हा आज चालतो तो इंग्रजी शब्द छापला आणि 'चूक' जाऊन 'विचलन' आलं. तरी दोषाची सावली राहिलीच. १७७ सेंमीचा माणूस कुठूनही ढळलेला नसतो, तो १७७ सेंमीचा असतो.

निवृत्त_मास्तर
ओवीकारांनी शब्दाचं काम केलं, मी मापाचं करतो. संख्याशास्त्र तीस वर्षं शिकवलं आहे.

कटिंगटेबल ताई, घरी चिंचोके असतील तर पाच घ्या आणि फोडून दहा डाळी करा, खेळायला करतो तशा. एक बाजू पांढरी, एक काळी. दहाही एकदम टाका, पांढऱ्या किती पडल्या ते लिहा. असं शंभर वेळा करा. पाच पांढऱ्या साधारण २५ वेळा पडतील. चार आणि सहा प्रत्येकी २० वेळा, तीन आणि सात प्रत्येकी १२ वेळा, दोन आणि आठ प्रत्येकी चारेक वेळा. एक किंवा नऊ कधीतरी. दहाच्या दहा पांढऱ्या पडायला साधारण हजार वेळा टाकावं लागेल. पाचच्या ढिगाला काही खास मान नाही. पाच पांढऱ्या येण्याचे रस्ते २५२ आहेत, दहाही पांढऱ्या येण्याचा एकच, म्हणून मधला ढीग उंच.

उंचीचं असंच आहे. उंचीचं एकच जनुक नसतं. २०२२ साली सुमारे ५४ लाख लोकांची माहिती एकत्र करून केलेल्या अभ्यासात उंचीशी जोडलेल्या १२,००० हून जास्त जागा जनुकसंचात सापडल्या. बहुतेक जागा मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी वर-खाली करणाऱ्या. त्यात लहानपणचं खाणं आणि आजार मिळवा. हजारो चिंचोके एकदम पडतात आणि त्यांची बेरीज होते. सगळे एकाच बाजूला पडणं जवळजवळ अशक्य, म्हणून फार उंच आणि फार बुटके थोडे, मध्ये गर्दी. यात दोन अटी आहेत. एकही चिंचोका बाकीच्यांना भारी पडेल इतका मोठा नको, आणि परिणामांची बेरीज व्हायला हवी. वजनाचा वक्र असा येत नाही, त्याची शेपटी जड बाजूला लांब जाते.

आता ६. पार्कचौक, १५९ ते १७१ मध्ये सगळे नाही, साधारण दोनतृतीयांश बसतात. ४०० पैकी २७३. पुढच्या ६ च्या पट्ट्यात, म्हणजे १५३ ते १५९ आणि १७१ ते १७७, प्रत्येकी ५४ च्या आसपास. १५३ च्या खाली नऊ-दहा, १७७ च्या वर नऊ-दहा. तुमच्या सल्ल्यानं कापलं असतं तर सव्वाशे जणांच्या पँटा परत आल्या असत्या.

पार्कचौक
दोनतृतीयांश ही गोष्ट मला माहीत नव्हती. चूक मान्य. पण मग १५९ च्या जागी काहीतरी कडा आहे असं का वाटतं?

निवृत्त_मास्तर
कडा नाही, पण ती जागा अगदी साधीही नाही. घंटेचा उतार मधून निघताना अधिकाधिक तीव्र होत जातो, बरोबर एका प्रमाण विचलनावर सर्वात तीव्र असतो आणि तिथून पुढे पसरट होतो. टेकडी उतरताना पायाला कळतं तसं. तुमच्या डोळ्याला ते वळण दिसलं असेल.

होटगीरोडची_आई
मध्येच विचारते, माफ करा. माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. डॉक्टरांच्या कागदावर उंचीपुढे 'उणे १.८ एसडी' लिहिलंय. म्हणजे तो १.८ सेंमीनं कमी ना? मग एवढं काय, असं सासूबाई म्हणतात.

निवृत्त_मास्तर
ताई, तो आकडा सेंटिमीटरचा नाही. त्याच्या वयाच्या मुलांच्या सरासरीपासून तो किती 'पट्ट्या', म्हणजे किती प्रमाण विचलनं, खाली आहे ते त्यात सांगितलंय. या वयात एक पट्टी सात-आठ सेंमीची असते, म्हणजे फरक बराच मोठा आहे. पण वर मी मोठ्या माणसांबद्दल लिहिलं, ते चौदाव्या वर्षाला जसंच्या तसं लावू नका. या वयात काहींची वाढीची उसळी होऊन गेलेली असते, काहींची यायची असते. म्हणून डॉक्टर एका आकड्यावर थांबत नाहीत. वर्षभरात किती वाढला, आईवडिलांची उंची किती, वयात येण्याची लक्षणं कुठवर आली, हे पाहतात. मागच्या दोन-तीन वर्षांच्या उंचीच्या नोंदी असतील तर पुढच्या वेळी घेऊन जा. बाकी त्यांनाच विचारा, मी गणिताचा माणूस.

मैदानी
मी पोलीस भरतीची तयारी करतोय. पुरुषांना १६५ ची अट, मुलींना १५५ ची. माझी १६६, बहिणीची १६३. घरात सगळे मला उंच म्हणतात. एसडीच्या हिशेबात खरं कोण उंच ओ?

निवृत्त_मास्तर
बहीण. ताईंच्या पुरुषांचे आकडे घेऊ, १६५ आणि ६. बायकांसाठी समजा सरासरी १५२ आणि प्रमाण विचलन ५.५. तू सरासरीच्या एक सेंमी वर, म्हणजे एका पट्टीचा सहावा भाग. ती ११ सेंमी वर, म्हणजे पूर्ण दोन पट्ट्या. तुझ्याहून उंच पुरुष शंभरात त्रेचाळीसेक निघतील, तिच्याहून उंच बायका दोन-तीन.

आणि तुझ्या भरतीवरून एक महत्त्वाचं आठवलं. ताई, त्या कंपनीला विचारा, भरतीला उंचीची अट आहे का? असेल तर घंटा डावीकडून कापलेली असणार आणि माझे वरचे आकडे चुकतील. सर्वात बुटका आणि सर्वात उंच किती, एवढं विचारलं तरी कळेल. ४०० जणांत १५५ च्या खाली एकही नसेल तर समजा कात्री चालली आहे.

कटिंगटेबल
विचारते. मास्तर, एक जुनी जखम उघडते. दोन वर्षांपूर्वी एका शाळेनं कर्मचाऱ्यांसाठी ४०० ट्रॅकसूट मागवले होते, निम्मे पुरुष, निम्म्या बायका. सरासरी १५८.५ सांगितली होती. मी मधलं माप, १५४ ते १६३ चं, दीडशेच्या वर शिवलं. पंचवीसेक पडून राहिले आणि टोकाची मापं कमी पडली. तिथे घंटा का नाही आली?

निवृत्त_मास्तर
कारण तिथे एक चिंचोका फार मोठा होता, स्त्री की पुरुष हा. तो एकटाच १३ सेंमीचा फरक करतो. तेच १६५ आणि १५२ चे दोन गट निम्मे-निम्मे मिसळले तर सरासरी १५८.५ आणि प्रमाण विचलन ८.७ च्या आसपास येतं. पण १५८.५ हा ना पुरुषांचा मध्य, ना बायकांचा. दोन घंटा शेजारी ठेवल्या की डोकं सपाट होतं. एकच घंटा धरली तर मधल्या मापात १५८ जण येतात, खरे असतात १३४. तुमचे पंचवीस तिथेच राहिले. एसडी अपेक्षेहून फुगलेली दिसली की आधी विचारायचं, यात दोन गट मिसळलेत का.

ओवीकार
मूळ मुद्द्यावर येतो. 'विचलन' काढून 'सरासरी तफावत' म्हणायला काय हरकत?

कटिंगटेबल
मी आज दुपारी आमच्या पाच पोरांना भिंतीला उभं करून मोजलं : १५७, १६२, १६५, १६८, १७३. सरासरी १६५. तफावती ८, ३, ०, ३, ८. त्यांची सरासरी ४.४ आली. मुलीनं पुस्तकाच्या रीतीनं वर्ग करून, सरासरी काढून, वर्गमूळ घेतलं तर ५.४. दोन्ही वेगळे आकडे.

निवृत्त_मास्तर
म्हणूनच हरकत. सरासरी तफावत हे वेगळं माप आहे आणि त्याला स्वतःचं नाव आहे, माध्य विचलन. वर्ग केला की लांबच्या माणसाची तफावत जास्त भारी ठरते, म्हणून ५.४. आणि स्वतंत्र कारणांच्या परिणामांची बेरीज झाली की वर्गांच्या सरासऱ्याही सरळ बेरजेनं जुळतात. साध्या तफावतींचं तसं होत नाही.

कटिंगटेबल
मग आमच्या धंद्यातला शब्द सुचवू? पन्हा. कापड किती रुंद ते आम्ही पन्ह्यानं सांगतो. 'सरासरी १६५, पन्हा ६' म्हटलं की आमच्या कटिंगमास्तरला लगेच कळलं.

ओवीकार
शब्द फार गोड आहे, दोषाचा लवलेश नाही. पण पन्हा काठापासून काठापर्यंत असतो. या घंटेला काठच नाही. पार्कचौक पुन्हा म्हणतील, सगळे आत बसले.

पार्कचौक
आता नाही म्हणणार. पण माझ्यासारखा दुसरा कोणी म्हणेल, हे खरं.

कटिंगटेबल
कंपनीचा निरोप आला. अट आहे, १६० ची. मास्तर, आता २७३ चं काय करू?