मदत हवी आहे: आईची केमो १८ तारखेला, खालची दाढ किडलेली. आधी दात की आधी केमो?

निपाणीची_लेक
आईला (वय ६१) स्तनाचा कॅन्सर आहे. बेळगावात १८ तारखेला पहिली केमो, औषधं एसी, दर २१ दिवसांनी. आज ४ तारीख. खालची डावी दाढ किडून नुसती मुळं राहिलीत, महिन्या-दोन महिन्यांनी हिरडीला फोड येऊन पू येतो. वर कवळी आहे. मिश्री रोज, तीन-चार वेळा. घरचे म्हणतात दुखत नाही तर आत्ता दात कशाला छेडायचा, केमो संपल्यावर बघू. खरंच थांबायचं का? आणि तोंड येऊ नये म्हणून काय करू?

चिकोडी_अण्णा
ताई, बर्फ चघळायला द्या की. सलाइन चालू असताना तोंडात बर्फ ठेवला की फोड येत नाहीत. कुठल्याही केमोला चालतं.

खानापूर_दादा
माझ्या वडिलांचं तोंड वर्ष झालं तरी कोरडंच आहे. पाणी घेतल्याशिवाय भाकरी गिळत नाही. त्यांना जबड्याला लाईट, म्हणजे रेडिएशन, दिली होती. तुमच्या आईचंही तसंच होईल, तयारी ठेवा.

टिळकवाडी_दंतवैद्य
थांबू नका. दुखत नसलं तरी पू येतोय, म्हणजे मुळाशी जंतूंचं घर आहे. केमोनंतर साधारण १० ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हा हाच फोड ताप आणि रक्तात जंतुसंसर्ग घेऊन येऊ शकतो, आणि त्या दिवसांत दात काढताही येत नाही, कारण रक्त थांबत नाही आणि जखम भरत नाही.

दात काढल्यापासून पहिल्या डोसपर्यंत निदान ७ ते १० दिवस हवेत. ६ तारखेला काढला तर १२ दिवस मिळतात. म्हणून उद्याच कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा, त्यांची संमती आणि ताजा रक्ताचा रिपोर्ट घ्या. केएलईच्या दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या ओरल सर्जनकडे एक्सरे काढून मुळं पूर्ण निघाली पाहिजेत, तुकडा आत राहता कामा नये. कडेचं टोकदार हाड घासून टाके घालायला सांगा. १६-१७ तारखेला खड्डा परत दाखवा. भरला नसेल, तर डोस पुढे ढकलायचा की नाही हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नाही. बाकी दातांची सफाई त्याच खेपेत करून घ्या.

मिश्री आजपासूनच बंद. तंबाखूनं खड्डा उघडा पडतो, जीवघेणा ठणका लागतो आणि भरायला आठवडा जास्त जातो.

अण्णा, बर्फाचं तुमचं अर्धं बरोबर आहे. ५-एफयू हे केमोचं औषध झटकन शिरेत सोडतात तेव्हा आधी ५ मिनिटं आणि पुढे साधारण अर्धा तास बर्फ चघळला तर उपयोग होतो. गारव्यानं तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथं कमी पोचतं, आणि ते रक्तातून लवकर उतरतं. एसीसाठी तसा भक्कम पुरावा नाही. आणि ऑक्झॅलिप्लॅटिन असेल तर बर्फ अजिबात नको, थंडीनं घसा आवळल्यासारखा होतो.

दादा, लाईटनं लाळेच्या ग्रंथी बऱ्याचदा कायमच्या सुकतात. ताईंच्या आईची गोष्ट वेगळी आहे, केमोचा कोरडेपणा बहुतेक वेळा उतरतो. वडिलांना मात्र फ्लोराइडसाठी दंतवैद्याकडे जरूर न्या, लाळ नसली की दात मुळाशी भराभर किडतात.

निपाणीची_लेक
कळलं. तोंड आलंच तर घरी काय? इथं बायका तुरटीच्या गुळण्या सांगतात.

टिळकवाडी_दंतवैद्य
तुरटी झोंबते आणि कोरडं करते. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात १ चमचा मीठ आणि १ चमचा खायचा सोडा घाला (धुण्याचा नव्हे). जेवणानंतर आणि झोपताना गुळणी करून थुंकायची. फोड आले की दर दोन-तीन तासांनी. रोज नवं करायचं. पहिल्या डोसनंतर साधारण २३ ते २८ तारखेच्या दरम्यान तोंड लाल होऊन झोंबू शकतं, बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत भरतं. ब्रश सर्वात मऊ, कोमट पाण्यात भिजवून. कवळी रात्री काढून ठेवा, फोड असताना फक्त जेवायला घाला. कोरडेपणाला पाण्याचे घोट, ओठांना व्हॅसलिन. लिंबू-चिंच चघळायला देऊ नका. आंबील ताकाऐवजी दुधात शिजवा, ताक झोंबतं.

दह्यासारखे पांढरे डाग पुसून निघाले आणि खाली लाल दिसलं, तर ती बुरशी आहे, गुळण्यांनी जात नाही, औषध लागतं. ताप १००.४ फॅरनहाइट झाला किंवा पाणी गिळेना, तर रात्र असली तरी दवाखान्यात. थर्मामीटर लावण्याआधी पॅरासिटॅमॉल देऊ नका, ताप झाकला जातो.

हाडांचं इंजेक्शन, म्हणजे झोलेड्रॉनिक ॲसिड, पुढे देणार आहेत का, तेही विचारा. ते सुरू झाल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडण्याचा धोका असतो.

निपाणीची_लेक
उद्या फोन करते. पण ते "केमो एक दिवसही लांबवायची नाही" म्हणाले आणि १७ला खड्डा भरला नसला तर?

टिळकवाडी_दंतवैद्य
त्याला एकच उत्तर नाही. गाठ किती वेगानं वाढतेय त्यावर आहे. दोन्ही डॉक्टरांना फोनवर आपसात बोलायला लावा, तुम्ही निरोप नेऊ नका.