दुजोरा मिळाला नाही, म्हणजे विक्रीचा संकेत नव्हे

> डाऊ जोन्सच्या औद्योगिक कंपन्यांच्या निर्देशांकाने, म्हणजे इंडस्ट्रियलने, नवा उच्चांक केला; वाहतूक कंपन्यांच्या निर्देशांकाने, म्हणजे ट्रान्सपोर्टने, नाही. लगेच विकायचं का?

नाही. शेअर बाजाराचा कल ओळखायच्या डाऊ सिद्धांतात एका निर्देशांकाच्या नव्या उच्चांकाला दुसऱ्याच्याही नव्या उच्चांकाने दुजोरा मिळावा लागतो. तो न मिळाल्याने तेजीचा पुरावा कच्चा राहतो, एवढंच. बाजाराचा मुख्य, दीर्घकालीन कल फिरला असं हा सिद्धांत त्यावरून म्हणत नाही.

अमेरिकेतलंच उदाहरण घ्या. ट्रान्सपोर्टचा उच्चांक मे 1999 मध्ये झाला. इंडस्ट्रियल मात्र पुढे चढून 14 जानेवारी 2000 ला 11,723 च्या आसपास बंद झाला, तेव्हा ट्रान्सपोर्ट बराच खाली होता. कारखान्यांचा माल वाढला तर वाहतूकही वाढायला हवी, हा मूळ तर्क तिथे जुळत नव्हता.

मंदी ठरवायला आणखी पायऱ्या लागतात. आधी दोन्ही निर्देशांकांत दुय्यम घसरण हवी, साधारण तीन आठवडे ते काही महिन्यांची; ती आधीच्या चढाचा एक तृतीयांश ते दोन तृतीयांश भाग खाते. मग उसळी येते, पण जुना उच्चांक ओलांडत नाही. त्यानंतर दोन्ही त्या घसरणीच्या तळाखाली बंद झाले, की कल फिरला. दोन्ही एकाच दिवशी तुटायला हवेत असं नाही, पण बंद भावच धरायचा. दिवसातला नीचांक नाही.

तोटा उघड आहे: संकेत येईपर्यंत बरीच पडझड होऊन गेलेली असते. शिवाय दुय्यम घसरण नेमकी कुठली, यावर जाणकारांचंही एकमत होत नाही.