नेस्टेड सिक्वेन्सला ‘गर्भित’ म्हणावं का?

सदाफुली: व्हिडिओ संकलनाच्या वर्गासाठी मराठी टिपणं लिहितेय. नेस्टेड सिक्वेन्सला मी ‘गर्भित क्रम’ लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी खोडून ‘संयुक्त’ केलं. पण पुढच्याच पानावर कंपाउंड क्लिप येते, तिला मग काय म्हणू? अ‍ॅडजस्टमेंट लेयर तर अजून तशीच आहे.

अनुस्वार: ‘गर्भित’च ठेवा. अर्थगर्भ, हेतुगर्भ हे रुळलेले शब्द आहेत. संयुक्त वाक्यात दोन्ही वाक्यं बरोबरीची असतात, एक दुसऱ्याच्या पोटात नसतं. लेयरला ‘समायोजन थर’.

पाटीलबुवा: आम्ही ‘बोचकं बांध’ म्हणतो. क्लिपा निवडल्या, बांधल्या, टाइमलाइन आटोपशीर. प्रीमिअरमध्ये नेस्ट, फायनल कटमध्ये कंपाउंड. गोष्ट एकच.

कात्रीवाला: पाटीलबुवा, वरवर एकच. प्रीमिअरमध्ये नेस्ट केलं की प्रोजेक्ट पॅनेलमध्ये खरीखुरी नवी सिक्वेन्स तयार होते, आणि ती बाहेरच्या सिक्वेन्सचं माप घेते. 1080 च्या टाइमलाइनवर हळदीचे 4K शॉट 50 टक्क्यांवर बसवून नेस्ट केलेत आणि मग त्या नेस्टलाच 150 टक्के केलंत, तर चित्र मऊ पडतं, कारण हाती आता 1080 चंच चित्र उरलेलं असतं. नेस्टवर डबल क्लिक करून आत जायचं आणि मूळ शॉटच मोठा करायचा, म्हणजे धार टिकते.

शिवाय ‘बोचकं’ म्हटलं की दोन बोचक्यांतला ऐवज वेगळा वाटतो. इथे तसं नाही. तोच नेस्ट सुरुवातीला आणि शेवटी टाकला आणि शेवटच्यात एक शॉट बदलला, तर सुरुवातीचाही बदलतो. वेगळा हवा असेल तर आधी प्रोजेक्ट पॅनेलमध्ये सिक्वेन्सची डुप्लिकेट काढून ती वापरायची. फायनल कटच्या कंपाउंड क्लिपचंही तेच, तिथे `Reference New Parent Clip` आहे.

मधुरा: माझ्याकडे अ‍ॅडजस्टमेंट लेयर टाकली तर नवरा-नवरीची नावंसुद्धा पिवळी झाली! त्याला काय म्हणतात?

कात्रीवाला: नाव माहीत नाही, कारण सांगतो. ती लेयर खालच्या सगळ्या ट्रॅकवर लागू होते. नावं तिच्या वरच्या ट्रॅकवर न्या. फक्त हळदीच्याच शॉटना रंग द्यायचा असेल तर लेयर नेस्टच्या आत ठेवा, बाहेर काहीच बदलणार नाही.

अनुस्वार: म्हणजे तो नुसता ‘थर’ नव्हे. थर खालच्याला झाकतो, हा खालच्याला पालटतो. ‘संस्कार-थर’ कसा वाटतो?

पाटीलबुवा: मेनूत `Nest` लिहिलंय. पोरगं ‘गर्भित’ शोधत बसेल आणि पुढचं शिकायचं राहील.

सदाफुली: मेनूतलं नाव कंसात देईनच. पण वाक्यात मराठी शब्द हवा, नाहीतर टिपणं मराठीत कशाला लिहायची?

अनुस्वार: अगदी. आणि पाटीलबुवा, ‘क्लिपा’ हे अनेकवचन कुठलं? ‘क्लिप्स’ तरी म्हणा.

पाटीलबुवा: ‘चिंच, चिंचा’ चालतं ना? मग ‘क्लिप, क्लिपा’. हेच खरं मराठी.