गुहागरचे फोटो: प्रीसेट एकच, चेहरे मात्र दोन रंगांचे

मंदार:
मंडळी, तिन्ही कॅमेऱ्यांचे मिळून साडेसहाशे फोटो ड्राइव्हवर आहेत. लाइटरूममध्ये पंगतीचा एक फोटो मनासारखा केला, त्याचा प्रीसेट बनवला आणि सगळ्यांना लावला. पंगतीतलेच लागोपाठचे दोन फोटो जुळत नाहीत. एकात चेहरे निळसर, दुसऱ्यात गुलाबी. रात्रीच्या नमनाचं तर विचारूच नका. रविवारी शिरीषकाकांना द्यायचेत. प्रीसेट अर्धवट लागतोय का?

अद्वैत:
कशाला प्रीसेटच्या नादी लागतोस? फोल्डरमध्ये इमेजमॅजिकची ही एक ओळ चालव, चहा होईपर्यंत काम संपतं. गणपतीचे सगळे फोटो असेच केलेत.

```
mogrify -normalize -modulate 100,115 -strip -resize 2048x2048 *.jpg
```

शिरीषकाका:
गॅलरीत काय चढवायचं ते मी ठरवतो, हे आधीच सांगून ठेवतो. लांब बाजू 2048, आणि फाइलची नावं कोणीही बदलायची नाहीत. मथळे नावांना जोडलेले आहेत. गणपतीच्या वेळी काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे.

सुनेत्राताई:
अद्वैत, ती ओळ मूळ फोल्डरमध्ये चालवू नकोस. `-path` दिलं नाही तर `mogrify` मूळ फाइलवरच लिहितं, मग परत फिरायला वाट नाही. शिवाय `-normalize` प्रत्येक फोटोचा काळा-पांढरा स्वतंत्र मोजून ताणतं. धुरकट फोटो जास्त ताणला जातो, आधीच कडक असलेला जेमतेम हलतो. आदेश एकच असला तरी प्रत्येक फोटोतला बदल वेगळा, आणि मंदारला नेमकं तेच नकोय.

मंदार, प्रीसेट पूर्ण लागलाय. त्यात व्हाइट बॅलन्स `As Shot` राहिला असणार, म्हणजे कॅमेऱ्याने त्या त्या क्षणी केलेला अंदाज तसाच पुढे आला. चौकटीत जो रंग भरून असतो तो ऑटो व्हाइट बॅलन्स दाबायला बघतो. मागे जांभ्याचा गडगा आला की तांबडं दाबलं जातं आणि चेहरे निळसर पडतात. फोटो काढणारा दोन पावलं सरकला, मागे सुपारीची बाग आली, की हिरवं दाबलं जातं आणि चेहरे गुलाबी होतात. मांडवातला उजेड मात्र दोन्ही वेळा तोच होता.

म्हणून आधी फोटो उजेडाप्रमाणे वेगळे करा: मांडवातली पंगत, बागेतले, रात्रीचं नमन. प्रत्येक गटात कॅमेरेही वेगळे ठेवा. गटातला एक फोटो नमुना म्हणून निवडा आणि त्यात ड्रॉपर एखाद्या करड्या वस्तूवर टेकवा. पंगतीच्या फोटोंत डावीकडे सिमेंटची पायरी दिसते, ती चालेल, फक्त तिच्यावर मांडवाच्या आतलाच उजेड हवा. कोणाच्या धोतरावर किंवा सदऱ्यावर टेकवू नका. नीळ आणि साबणातली चमक यांमुळे ते कापड मुळात निळसर असतं. ते पांढरं धरलं की अख्खा फोटो पिवळा पडतो.

आता तापमान आणि टिंट यांचे ठाम आकडे मिळतील, समजा 5200 आणि +18. नमुना आधी निवडून मग बाकीचे निवडा, `Sync` दाबा आणि फक्त व्हाइट बॅलन्स व प्रोफाइल यांवर खूण ठेवा. क्रॉप आणि मास्कवरची खूण काढा, नाहीतर एकाची कात्री सगळ्यांवर चालेल. उजेडाची पातळी `Settings > Match Total Exposures` ने जुळवा. ते अॅपर्चर, शटर आणि आयएसओ पाहून फरक भरून काढतं, त्यामुळे उजेड स्थिर असेल तिथेच उपयोगी. फ्लॅशचे फोटो आधी बाजूला काढा, फ्लॅशने किती उजेड टाकला हे त्या हिशोबात येत नाही. तुमचा कॉन्ट्रास्ट-रंगांचा प्रीसेट सगळ्यांना खुशाल लावा, पण त्यात व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर नको.

नीलिमावहिनी:
पंगतीत मोदक वाढतानाच्या फोटोत माझे डोळे मिटलेत. एन्हान्स करताना ते उघडता येतील का? नाहीतर तो काढून टाका. माझ्याकडे चांगला आहे, ग्रुपवर टाकलाय, तिथून घ्या.

मंदार:
वहिनी, काढतो. पण ग्रुपवरचा नको, व्हॉट्सअॅप फोटो लहान करतं आणि त्यातली वेळ-कॅमेऱ्याची माहितीही पुसून टाकतं. मग तो कुठल्या गटात टाकायचा? डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

ताई, पंगत जमली, चेहरे एका रंगावर आले. पण शमाच्या फोनच्या फोटोंना 5200 लागतच नाही. आणि वेळेने लावले की मस्कतहून आणलेल्या कॅमेऱ्याची पंगत सकाळच्या पूजेत घुसते.

अद्वैत:
दुसरं सोपं आहे. घड्याळ मस्कतचंच राहिलंय, ते आपल्यापेक्षा दीड तास मागे. `exiftool` ने पुढे सरकव:

```
exiftool "-AllDates+=1:30" -if "$make eq 'Canon'" photos
```

लिनक्स किंवा मॅकवर `-if` चे अवतरण उलटे कर: बाहेर एकेरी, आत दुहेरी. मूळ फाइल `_original` जोडून बाजूला राहते, सुनेत्राताईंनी काळजी करू नये. 🙂

सुनेत्राताई:
बरोबर. फोटो आधीच लाइटरूममध्ये घेतलेले असतील तर मात्र तिथूनच `Edit Capture Time` वापरा.

फोनचे फोटो जेपेग आहेत. जेपेगमध्ये तापमानाची पट्टी केल्विनमध्ये नसून उणे 100 ते अधिक 100 अशी सापेक्ष असते, आणि फोनचा अंदाज आत मुरलेला असतो. एकाला +12 जमलं म्हणून पुढच्याला जमेल असं नाही. त्यातले मोजके निवडून हाताने करा, गठ्ठ्याने होणार नाहीत.

नमनातही `Auto` बटण वापरू नका. काळ्या वेषातला संकासूर चौकटभर आला की ते त्याला अंधार समजून उजळतं. वेष करडा होतो, दाणे वर येतात, पुढच्याच फोटोतल्या गौळणी मात्र ठीक दिसतात. जांभळ्या एलईडीतल्या चेहऱ्यांचा हिस्टोग्राम बघा. निळा आलेख उजव्या कडेला चिकटलेला आणि हिरवा डाव्या टोकाला असेल, तर त्वचेचा रंग टिपलाच गेलेला नाही, व्हाइट बॅलन्स तो आणणार कुठून? निळा-जांभळा सॅच्युरेशन 30-40 ने उतरवा, नाहीतर कृष्णधवल करा.

शिरीषकाका:
कृष्णधवल नको. नमनातल्या मंडळींनी हौसेने रंग लावले होते, त्यांना काय वाटेल? जांभळे तर जांभळे, तसेच ठेवा.

अद्वैत:
काका, त्यात संकासुराची लाल जीभसुद्धा काळी दिसतेय, हौस कुठे राहिली? आणि काही फोटोंवर आडवे पट्टे आहेत, ते स्क्रिप्टने जातील का?

सुनेत्राताई:
नाही जाणार. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. शटर 1/500 असेल तर तो चढउतार पट्ट्यांच्या रूपात उमटतो, आणि प्रत्येक फोटोत त्याची जागा वेगळी. ते फोटो गाळा. पुढच्या खेपेला स्टेजवर 1/100 ठेवा, नाचात हात थोडे हलतील.

मंदार, लाइटरूममधून `sRGB` मध्ये एक्स्पोर्ट करताना लांब बाजू 2048 तिथेच देता येते. अद्वैतच्याच हातून करायचं असेल तर `-strip` काढून:

```
mkdir web
mogrify -path web -auto-orient -resize "2048x2048>" -quality 88 *.jpg
```

`-strip` ने रंगाची प्रोफाइल जाते, आणि आयफोनचे `Display P3` मधले फोटो ब्राउझरमध्ये फिके दिसतात. नावं आहेत तीच राहतात.

शिरीषकाका:
नावं राहतात हे लेखी मिळालं, छान. नमनाचे दोन्ही प्रकारे दहा-दहा पाठवा, कुठले लावायचे ते समितीत बोलू.

नीलिमावहिनी:
डॉक्युमेंट म्हणून कसं पाठवायचं? माझ्याकडे फक्त गॅलरीच उघडतेय.